पाटावरची टॅन-लिस्ट

खरं काय ते मी त्याच दिवशी सांगितलं होतं, पण जर्मनमध्ये. एकदा बँकेतल्या बाईंना आणि एकदा पोलिसाला. मराठीत सांगायला मला फार वर्षं लागली. मधल्या काळात मला विशेष काही वाटत होतं असंही नाही. दाढेत इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला नसतो, तसं ते होतं. बोट लावलं की कळायचं, इथे काहीतरी आहे. दुखायचं नाही.

जर्मनीत रेगेन्सबर्गमध्ये आमची छोटी फर्म होती. आमची म्हणजे माझी नव्हे. माझ्या कॉलेजातला एक सीनियर तिचा मालक. गाड्यांच्या कारखान्यात सुटे भाग जागेवर घट्ट धरून ठेवायला लागणाऱ्या फिक्श्चरची डिझाइनं आम्ही करायचो. इंजिनियर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, सगळे पुण्या-नाशिककडचे. मालकांना आम्ही सर म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. वहिनी बिलं, पगार, विमा बघायच्या. जर्मन पत्रं लिहायचं काम माझ्याकडे. मला भाषा चांगली येत होती म्हणून नव्हे, सगळ्यांत आधी आलो होतो म्हणून. नवीन आलेली पोरं माझं जर्मन ऐकून म्हणायची, ‘काय फाडता राव!’ त्यांना अजून काही कळत नव्हतं म्हणून ते फाडणं होतं.

दिवाळीतलं लक्ष्मीपूजन ऑफिसातच व्हायचं. पाट म्हणजे मीटिंग रूममधलं चहाचं बुटकं टेबल, वर लाल कापड. वहिनी त्याला पाट म्हणायच्या, म्हणून आम्हीही पाट म्हणायचो. उदबत्ती मात्र खिडकीच्या बाहेरच्या कडेवर, कुंडीत खोचून. छतावरचा धुराचा अलार्म एका वर्षी ऐन आरतीत वाजला होता आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पेशंटला तोंड उघडं टाकून वर आले होते.

त्या वर्षी वहिनींनी पाटावर लक्ष्मीच्या फोटोसमोर एक कागद ठेवला. बँकेची टॅन-लिस्ट.

आता ही गोष्ट राहिली नाही, म्हणून सांगतो. तेव्हा ऑनलाइन पैसे पाठवायचे तर आधी खाते क्रमांक आणि पिन टाकून आत शिरायचं. मग शेवटी सहा आकड्यांचा एक टॅन टाकायचा. असे टॅन छापलेला एक कागद बँक बंद पाकिटातून पोस्टाने पाठवायची. यादीतला कुठलाही एक नंबर टाकला की चालायचा, आणि वापरला की पेनाने खोडायचा. एक नंबर, एक व्यवहार. ज्याच्या हातात पिन आणि न खोडलेला नंबर, त्याच्या हातात खातं.

‘अगं, कुणाला दाखवू नका असं लिहिलंय बँकेने त्याच्यावर,’ सर म्हणाले.

‘लक्ष्मीला पण?’

सगळे हसले. ‘वह्या कुठायत आपल्याकडे पुजायला?’ वहिनी म्हणाल्या. ‘सगळं त्या कॉम्प्युटरात. मग पैसा जातो-येतो तो ह्याच कागदातून ना? चला, हळदकुंकू घ्या.’ आणि त्यांनी कागदाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. कागदाच्या मागे त्यांनीच पेन्सिलने पिन लिहून ठेवलेला होता. तो तिघांनाच माहीत होता. सरांना, त्यांना आणि मला.

पूजेचे फोटो काढले ते एका मुलीने. युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती, कोल्हापूरकडची. रविवारी वहिनींकडे वरणभाताला यायची आणि जाताना डबाही न्यायची. तिच्याकडे नवा डिजिटल कॅमेरा होता आणि तो ती सगळ्यांवर रोखायची. ‘वहिनी, जरा सरका की तिकडं, दिवा येईना फोटोत. अहो काका, तुम्ही कशाला एवढं गंभीर? लक्ष्मी हाय, परीक्षा न्हाई.’ काका म्हणजे मी. तेव्हा चाळिशीही नव्हती माझी, पण तिने ठरवून टाकलं होतं.

दिवाळी झाल्यावर सर पुण्याला गेले, नवीन माणसं निवडायला. जाताना लिस्टमधले काही टॅन डायरीत उतरवून घेतले, तिथून काही पाठवायची वेळ आलीच तर. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मी याच गोष्टीच्या आड बसलो.

मग एका सकाळी ऑफिसच्या मेलवर बँकेचं पत्र आलं. वर बँकेचा लाल शिक्का, खाली पत्ता. त्यातलं जर्मन मराठीत सांगायचं तर साधारण असं होतं: ‘आदरणीय ग्राहक, तुमचा सुरक्षा कारण आम्ही तुमचा डेटा खात्री करणे पाहिजे. कृपया खालचा जागा दाबणे आणि दोन टॅन देणे. नाहीतर खाता बंद होणार.’ अक्षरांवर जे दोन ठिपके लागतात ते कुठेच नव्हते, त्याजागी सगळीकडे इंग्रजी ‘ई’ जोडलेला.

कुठल्याही जर्मन माणसाला, अगदी शाळकरी पोरालाही, हे वाचून हसू आलं असतं. मला आलं नाही. मला ते नीट वाटलं. खरं सांगायचं तर इतर सरकारी पत्रांपेक्षा चांगलं वाटलं, कारण पहिल्याच वाचनात समजलं. मीही असंच लिहायचो. माझा कीबोर्ड इंग्रजी होता, ठिपके मिळायचे नाहीत, मीही ‘ई’ जोडायचो. क्रियापदं मीही तशीच शेवटी नेऊन सोडून द्यायचो. ते पत्र माझ्या भाषेत होतं.

मी खालची जागा दाबली. बँकेचं पान उघडलं, नेहमीसारखंच. खाते क्रमांक टाकला, पिन टाकला, ड्रॉवरमधून लिस्ट काढली. कोपऱ्यावर कुंकू होतं. दोन टॅन टाकले आणि शिस्तीत दोन्ही खोडले. पान म्हणालं, आभार. मला एक काम मार्गी लागल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पगारासाठी शिल्लक बघायला आत शिरलो. सगळ्यात वर एक व्यवहार होता, तो आमचा नव्हता. उत्तरेकडच्या कुठल्याशा बँकेतलं खातं, एका खासगी माणसाचं नाव, आणि कारणाच्या ओळीत नुसतंच ‘बिल’. रक्कम एवढी होती की ती गेल्यावर महिन्याचा पगार निघणार नव्हता.

मला लगेच कळलं. हे मी कधीच कुणाला स्पष्ट सांगितलं नाही. कळायला वेळ लागला, गोंधळलो, शोधत होतो, असलं काही नाही. आभार म्हणणारं पान डोळ्यासमोर आलं आणि कळलं.

मी पान बंद केलं. चहा केला. एका क्लॅम्पच्या ड्रॉइंगवर काम करत होतो, ते पुढे केलं. चांगलं केलं, माझ्या आठवणीत त्यात नंतर एकही दुरुस्ती आली नाही. मनाशी म्हणत होतो, सरांकडे टॅन आहेत, सरांनीच पाठवले असतील. पुण्यात तेव्हा दुपार होती. फोन टेबलावर होता. विचारायला एक मिनिट लागलं असतं, म्हणूनच विचारलं नाही. बाहेर बारीक पाऊस होता. खालच्या डॉक्टरांचं ड्रिल अधूनमधून ऐकू येत होतं.

वहिनी मुलाला किंडरगार्टनमधून घेऊन, शेजारणीकडे सोडून दुपारी यायच्या. त्या आल्या, ओला कोट खुर्चीला लावला आणि पगाराचं बघायला बसल्या.

‘अहो भावोजी.’

‘हं?’

‘हा कोण माणूस? ह्यांनी पाठवलेत का?’

मी उठून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. स्क्रीनकडे वाकून बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतोय असं. ‘मलाही आत्ताच दिसतंय,’ म्हणालो.

त्यांनी पुण्याला फोन लावला. सर म्हणाले, मी तर डायरीही उघडली नाही. मग त्यांचा आवाज फोनमधून मलाही ऐकू आला, ‘बँकेला फोन करा. आत्ता. माझ्याशी बोलत बसू नका.’

आमच्या फर्मचं खातं बघणाऱ्या बँकेतल्या बाई शांत स्वभावाच्या होत्या. वर्षातून एकदा ऑफिसला येऊन कॉफी प्यायच्या, कॅलेंडर द्यायच्या. मी फोन स्पीकरवर टाकला आणि सांगितलं, आमच्या खात्यातून आम्ही न केलेला व्यवहार झालाय. क्षणभरही न थांबता त्या म्हणाल्या, ‘ऑनलाइनमधून बाहेर पडा. आता पुन्हा आत जायचा प्रयत्न करा आणि पिन चुकीचा टाका. तीन वेळा. मीही इथून बंद करते आहे, पण असं केलं की लगेच बंद होतं.’

वहिनींनी आधी ते पान प्रिंट करून घेतलं, मग बाहेर पडून चुकीचा पिन टाकला. तिसऱ्यांदा टाकताना त्यांचं बोट थांबलं. ‘आपणच आपल्याला बाहेर काढायचं?’ त्या पुटपुटल्या आणि दाबलं. खातं बंद झालं.

‘आता वाचून दाखवा,’ बाई म्हणाल्या. फर्मचा खाते क्रमांक. कुठल्या तारखेला नोंद. रक्कम. घेणाऱ्याचं नाव, त्याचा खाते क्रमांक, त्याच्या बँकेचा कोड. कारणाच्या ओळीत जे असेल ते, अक्षर न् अक्षर. दुसरा एखादा अनोळखी व्यवहार आहे का? पुढच्या तारखेला लावून ठेवलेला काही? त्या प्रत्येक गोष्ट परत वाचून दाखवत होत्या आणि मी गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत होतो. ‘टॅनची सगळी लिस्ट मी रद्द करते. नवीन पिन आणि नवीन लिस्ट पोस्टाने येईल, वेगवेगळ्या पाकिटांत. हे सगळं मला लेखी हवंय, सहीसकट, फॅक्सने: हा आदेश आम्ही दिलेला नाही, पैसे परत मागवावेत, खात्याचा ऑनलाइन वापर बंद करावा. आणि तो कॉम्प्युटर वापरू नका, साफही करू नका. पोलिसांना लागेल.’

‘पैसे परत येतील?’ वहिनींनी त्यांच्या क्लासातल्या जर्मनमध्ये विचारलं.

‘आमच्याकडून ते निघून गेलेत. समोरच्या बँकेत त्या माणसाच्या खात्यावर जमा झाले असतील तर मी ते ओढून आणू शकत नाही. विनंती करू शकते. ते खातं थांबवू शकतात, पण त्यांना कारण लागतं. म्हणून आता नीट सांगा. हे कसं झालं असेल? टॅन कुठे टाकलेत का? एखादी मेल, एखादं पान?’

मी म्हणालो, ‘नाही.’

वहिनी माझ्याकडे वळल्या. ‘भावोजी,’ त्या हळू म्हणाल्या, ‘लिस्ट पाटावर होती. मागे पिन होता. सगळ्यांसमोर. फोटो काढले. सांगा त्यांना. माझी चूक आहे, सांगा.’

आणि मी सांगितलं. वहिनींची चूक मी जर्मनमध्ये उतरवली, शब्द शोधून, व्याकरण सांभाळून. आमचा एक सण असतो, त्यात आम्ही पैशाच्या देवीपुढे हिशेब ठेवतो, हिशेब कागदावर नाहीत म्हणून लिस्ट ठेवली होती, आणि तिच्या मागे पिन होता.

‘कुणापुढे ठेवली?’

‘देवीपुढे.’

‘आणि मागे पिन लिहिलेला?’

‘पेन्सिलने,’ वहिनी म्हणाल्या. पेन्सिलने लिहिल्यामुळे काही कमी होईल, असं त्यांना वाटत असावं.

‘आल्झो,’ बाई म्हणाल्या, आपल्या ‘असं तर’सारखं, आणि श्वास सोडला. ‘मग हे अवघड आहे. ओळखीच्या माणसाने लिस्ट बघितली असेल तर समोरची बँक म्हणेल, हा त्यांचा आपसातला मामला, पोलिसांचा कागद आणा, मग बघू. मेलवाली फसवणूक असती तर मी थेट त्यांच्या सुरक्षा विभागाला फोन लावला असता. त्या प्रकारात खात्यावर आलेले पैसे माणूस त्याच दिवशी रोख काढतो आणि पुढे पाठवतो. तिथे तास महत्त्वाचे असतात. पाहुण्यांचं असेल तर...’ त्यांनी वाक्य सोडून दिलं.

बोलताबोलता मी फॅक्सचा मजकूर हाताने लिहून काढला होता, वहिनी सही करून तो पाठवायला उठल्या. फॅक्स मशीन शेजारच्या खोलीत होतं. त्या जाईपर्यंत मी थांबलो. स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला.

‘मेल होती,’ मी म्हणालो.

‘काय म्हणालात?’

‘मेल आली होती. काल. मी टाकले. दोन टॅन. एकच वापरलाय त्यांनी.’

मी वाट बघत होतो की आता त्या काही बोलतील. त्या टाइप करत होत्या. ‘दुसराही रद्द झालाय, लिस्टबरोबर. मेल कुणाच्या नावाने?’

‘तुमच्या.’

‘ती डिलीट करू नका. आणखी एक. मला इथे सकाळचं एक लॉगइन दिसतंय. ते तुमचं?’

‘हो.’

‘तेव्हा हा व्यवहार दिसला नव्हता?’

शेजारच्या खोलीत फॅक्स मशीन नंबर लावत होतं, त्याची शिट्टी ऐकू येत होती.

‘दिसला होता.’

‘मग तेव्हाच फोन का केला नाहीत?’

लाज वाटली, असं मला म्हणायचं होतं. जर्मनमध्ये त्याच्याबरोबर एक लहानसा शब्द लागतो, ‘स्वतःला’ अशा अर्थाचा. तो न लावता मी बोललो. वाक्य लंगडं झालं, मलाच ऐकू आलं. बाईंनी ते सुधारलं नाही. ‘बरं,’ त्या म्हणाल्या, ‘मी आता फोन ठेवते आणि तिकडे लावते. तुम्ही पोलिसांकडे जा. आज. तक्रारीचा केस नंबर मला कळवा.’

वहिनी आत आल्या. ‘गेला फॅक्स. काय म्हणाल्या?’

‘प्रयत्न करतायत.’

‘फोटोंचं सांगितलंत ना नीट?’

‘हो.’

पोलिस चौकीत मी एकटाच गेलो. वहिनींना शेजारणीकडून मुलाला आणायचं होतं, आणि पत्रांचं काम माझंच होतं. पोलिस वयस्कर होता, बोलणं अस्सल बव्हेरियन बोलीतलं, मला अर्धंच समजायचं. मेलची प्रिंट त्याने मोठ्याने वाचली. एक ओळ वाचली, हसला, दुसरी वाचली, पुन्हा हसला. पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणाला, ‘ऐक, ऐक हे. कोण लिहितं असं जर्मन? आणि लोक फसतात!’ मग माझ्याकडे बघून थांबला, कारण तक्रार मी स्वतः लिहून आणली होती, ती त्याच्या हातातच होती. ठिपके नव्हते तिच्यात. त्याने ती शांतपणे वाचली आणि स्टॅम्प मारला. त्यानंतर तो माझ्याशी फार नीट, सावकाश बोलला. हसला होता तेच बरं होतं.

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाईंचा फोन आला. ज्याच्या खात्यावर पैसे गेले तो माणूस ‘घरबसल्या काम, कमिशन मिळेल’ अशा जाहिरातीला भुललेला होता. त्याने दुपारी, आमचा फोन बँकेत जायच्या थोडंसं आधी, काउंटरवरून मोठा हिस्सा रोख काढला आणि त्याला सांगितलं होतं तसा पुढे परदेशात पाठवून दिला. उरलेले त्याच्या बँकेने अडवले, ते यथावकाश परत आले. ‘सकाळी कळवलं असतंत तर,’ बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्या चांगल्या होत्या. ‘बँक हे भरून देणार नाही. टॅन तुमच्याकडूनच गेलेत. लेखी येईल तुम्हाला.’

लेखी आलं. माझ्याच टेबलावर आलं, जर्मन पत्रं माझ्याकडे यायची. मी सरांना तोंडी सांगितलं, बँक देत नाही. ‘का, ते पूजेमुळे?’ सर म्हणाले. मी म्हणालो, ‘त्यांचे नियम असतात.’ हे खोटंही नव्हतं. नवीन पिन आणि लिस्ट यायला वेळ होता, म्हणून त्या महिन्याचे पगार आम्ही बँकेत जाऊन कागदी स्लिपा भरून केले, प्रत्येकीवर माझी सही. सरांनी आपला पगार घेतला नाही. मी माझा घेतला. नको म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी वहिनींनी त्या कोल्हापूरच्या मुलीला फोन केला. मी तिथे जेवायला होतो. ‘अगं, ते पूजेचे फोटो आहेत का तुझ्याकडे? कुणाला पाठवलेस का? नाही, असंच.’

असंच नव्हतं, हे तिला कळलं; पैसे गेल्याचं आणि मी पोलिसांत गेल्याचं तोवर आमच्यातल्या सगळ्यांना कळलं होतं. संध्याकाळी ती कॅमेरा घेऊनच आली. जॅकेट काढलं नाही. डायनिंग टेबलावर कॅमेरा ठेवला, छोट्या स्क्रीनवर एक फोटो उघडला आणि मोठा मोठा करत नेला.

‘बघा, वहिनी. ही लिस्ट. वर शेवंतीची फुलं. इथं कुंकू. इथं तुमचा हात. आकडा दिसतोय का एक तरी? आणि मागची बाजू तर खालीच हाय. पाट काचेचा न्हाई.’

‘तसं नाही गं,’ वहिनी म्हणाल्या. ‘तुझ्यावर नाही कुणी...’

‘आईला पाठवलेले मी फोटो. आईला इंटरनेट येत न्हाई, भाऊ दाखवतो. त्यालाही विचारायचं का?’ मग ती माझ्याकडे वळली. ‘काका, तुम्ही बोला की. पोलिसात तुम्ही गेला होता. काय म्हणले ते? कसं झालं म्हणले?’

टेबलावर वरणाचं भांडं होतं, त्यावर साय धरली होती. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ‘तपास चालू आहे.’

‘बरं,’ ती म्हणाली. सगळे फोटो तिने आमच्यासमोर एकेक करून डिलीट केले. प्रत्येक वेळी कॅमेरा टिक् असा वाजायचा. मी साखर घातलेल्या चहात परत साखर घातली. वहिनींनी डबा भरून दिला, तिने घेतलाही. तो डबा पुढे पोस्टाने परत आला, घासलेला, आत काही नाही. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, हे तिला माहीत होतं.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही आणि ती आली नाही. शहर लहान. बसमध्ये एकदा दिसली, मी पुढच्या दाराने उतरलो. पुढच्या दिवाळीला पाटावर नुसता फोटो आणि दिवा होता. ‘लक्ष्मीला आता काही दाखवायचं नाही,’ वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. आम्हीही हसलो. दर वर्षी त्या हे म्हणायच्या आणि दर वर्षी आम्ही हसायचो. बँकेने नंतर पद्धत बदलली. नुसता कुठलाही टॅन चालेना, बँकच सांगायची अमुक क्रमांकाचा टाका. मग ती यादीच गेली. पुढे सरांनी फर्म विकली, ते दोघं पुण्याला परतले. मी इथेच राहिलो. माझं जर्मन सुधारलं. आता मला अशा मेल आल्या की हसू येतं, म्हणजे यायला हवं तिथे येतं.

यंदा दिवाळीत मी वहिनींना फोन केला, दर वर्षी करतो तसा. सरांची तब्येत, मुलाचं लग्न, गुडघे, सगळं झालं. त्या म्हणाल्या, ‘आज पूजा करताना आठवलं बघा, ती टॅन-लिस्ट. किती मूर्ख होते मी.’

इतक्या वर्षांत त्यांनी हे किती वेळा म्हटलं असेल. मी दर वेळी म्हणायचो, सोडा हो वहिनी. या वेळी तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

‘वहिनी, ती लिस्ट पाटावरून नाही गेली. मेल आली होती, मीच टाकले टॅन. आणि सकाळीच मला दिसलं होतं. तुम्ही यायच्या खूप आधी.’

सांगून झालं. जर्मनमध्ये सांगताना जे वाक्य लंगडं झालं होतं, ते मराठीत सरळ झालं. लाज वाटली, एवढंही जोडलं. त्यानेही मोकळं असं काही वाटलं नाही.

पलीकडे मागे टीव्ही चालू होता. त्यांनी कुणाला तरी तो बंद करायला सांगितला.

‘म्हणजे बँकेच्या त्या बाईंना तुम्ही...’

‘हो. तुम्ही फॅक्स करायला गेलात तेव्हा.’

‘त्यांना सांगितलंत.’

‘हो.’

मला वाटलं त्या पैशांचं बोलतील, किंवा सरांनी न घेतलेल्या पगाराचं. किंवा रडतील. माझी सगळी उत्तरं तयार होती. किती वर्षं तयार होती.

‘भावोजी,’ त्या म्हणाल्या, ‘त्या पोरीचा नंबर आहे का तुमच्याकडे?’

‘नाही.’

‘आडनाव तरी आठवतंय?’

आठवत होतं. सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं असावं, पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. युनिव्हर्सिटीतला विभाग विचारला, तो सांगितला. कोल्हापुरात गाव कुठलं, ते मला माहीत नव्हतं.

‘मी शोधते,’ त्या म्हणाल्या. ‘पण बोलायचं तुम्ही. मी नाही सांगणार तुमच्या वतीने.’

‘हो.’

‘मराठीत सांगा तिला,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अजून त्यांचा फोन आलेला नाही. मी वाट बघतो आहे.